जालंधरहून सोलापूरला तिळगूळ

संक्रांतीचं एक बरं असतं, ती लांबवता येते. दिवाळीचं पत्र भाऊबीज उलटल्यावर पोचलं तर ते उशिरा आलेलं पत्र होतं. तिळगुळाला रथसप्तमीपर्यंत मुभा असते. २०१२ साली संक्रांत १५ जानेवारीला, रविवारी आली होती आणि रथसप्तमी ३० तारखेला. म्हणजे पंचांगानेच टपालखात्याला पंधरा दिवसांची सवलत देऊन ठेवली होती, आणि ती लागणार होती. जानेवारीत पंजाबात धुकं असं उतरतं की गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात, आणि साधं पत्र त्याच गाड्यांच्या भरवशावर असतं.

मी तेव्हा जालंधरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. घर सोलापूरला. अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, घरात आई, आजी आणि मी जिला अजूनही छोटी म्हणतो ती बहीण. डिसेंबरच्या सुट्टीत घरी जाऊन आलो होतो. ‘संक्रांत तरी करून जा’ असं आई म्हणत राहिली, पण दुसऱ्या सेमिस्टरचे तास नव्या वर्षाच्या तोंडावरच सुरू होत होते. दौंडला झेलम एक्स्प्रेस पकडायची आणि मग दीड-दोन दिवस गाडीतच. सणापुरतं जाऊन येणं हा विषयच नव्हता.

पत्रच का, तर दिवाळीला फोन करून पाहिला होता. आईने विचारलं, ‘जेवलास का?’ मी म्हटलं, ‘हो.’ मग ती गप्प, मी गप्प, मागे छोटी फटाक्यांबद्दल काहीतरी ओरडत होती. आजीने फोन घेतला आणि पंजाब लांब आहे म्हणून मोठ्याने बोलली. फोनवर शब्द सांभाळता येतात, आवाज सांभाळता येत नाही, आणि आया शब्द ऐकतच नाहीत. शिवाय तिळगूळ फोनमधून जात नाही. लांबच्या नातेवाइकांना पाकिटात हलव्याचे दाणे घालून पाठवायची रीत आमच्या घरात होती. आजी दरवर्षी तिच्या बहिणीला पाठवायची. आतापर्यंत मी फक्त पाकीट चिकटवत आलो होतो, यंदा पाठवणारा मी होतो.

हलवाच का पाठवतात ते मला जालंधरच्या बाजारात फिरताना समजलं. गुळाचा लाडू पाकिटात घातला तर गूळ ओल धरतो, कागदाला डाग पडतो, शाई पसरते. हलवा म्हणजे तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवत नेलेला दाणा. कोरडा, हलका, कशालाही न चिकटणारा. टपालासाठीच केल्यासारखा. पण काटेरी हलवा पंजाबात कोण विकणार? तिथे जानेवारीत हातगाड्यांवर ढीग लागतात ते रेवडी, गजक आणि भुईमुगाच्या शेंगांचे. सगळं १३ तारखेच्या लोहडीसाठी. रेवडी म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची चपटी गोळी, तिला दोन्ही बाजूंनी तीळ लावलेले. तीळ आहेत, गोड आहे, कोरडी आहे. मी पावशेर घेतली. त्यातली बरीचशी हॉस्टेलवर पोचेपर्यंत खाऊन झाली.

आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांत जायचं, पण त्याच्या आत काही घालायला मनाई असते, तसं त्याच्यावर छापलेलंच असतं. घातलं तर ते पाकीट धरलं जातं आणि जादा पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. संक्रांतीचं पत्र नॉटपेड होऊन अण्णांकडून पोस्टमनने पैसे मागावेत, हे काही शुभ नव्हतं. म्हणून पाच रुपयांचं पाकीट. त्यात वीस ग्रॅमपर्यंत वजन चालायचं. वीस ग्रॅम म्हणजे किती ते पाहायला केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतला तराजू होता. कागदाचं तर हिशोबानेच निघतं: रिमवर ७० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरचं वजन ७० ग्रॅम, आणि ए-फोर कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग, तेव्हा एका कागदाला साडेचार ग्रॅमच्या आत-बाहेर. पाकिटाचे तीनेक ग्रॅम. घरातल्या माणशी एक आणि देवापुढे एक, अशा पाच रेवड्या सहज बसत होत्या.

वजनात बसत होत्या, पाकिटात नव्हत्या. पाचही रेवड्या घालून पाकीट बंद केलं तर ते गळू आल्यासारखं दिसायला लागलं. कॉलेजच्या आवारातल्या पोस्टात नेलं. खिडकीतल्या बाबूंनी ते बोटांनी चाचपलं आणि विचारलं, ‘इसमें क्या है बेटा, रेवड़ी?’ रोजचंच असावं त्यांना. मग समजावून सांगितलं. वजन जास्त भरलं तर आणखी पाच रुपयांचं तिकीट लावता येतं, अडचण वजनाची नाही, जाडीची आहे. तिकिटावर मोहोर मारतात ती जोरात. वाटेत पाकिटांचे गठ्ठे बांधले जातात, थैल्या एकमेकींवर पडतात. रेवडी फुटते आणि तिच्या धारेने पाकीट आतून फाटतं. घरी पोचतं ते फाटकं पाकीट आणि तिळाशिवायचं पत्र.

उपाय त्यांनीच सांगितला. जे फुटणारच आहे ते आधी फोडून पाठव. हॉस्टेलवर येऊन मी रेवड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, स्टीलच्या पेल्याच्या बुडाने ठेचल्या आणि तो चुरा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताने सपाट केला. पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं. पुडी पत्राच्या घडीत ठेवायची, ती पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येईल अशी. मोहोर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, तिकिटावर पडते, म्हणजे हा कोपरा तिच्यापासून सर्वांत लांबचा. पाकीट आता सगळीकडे सारखं जाड दिसत होतं.

ही झाली सोपी बाजू. पत्र लिहायला बसलो तेव्हा पहिल्या कागदावर जे उतरलं ते असं: मी इथे मजेत आहे. माझी अजिबात काळजी करू नका. जेवण चांगलं आहे. थंडीचा त्रास नाही. अभ्यास छान चालू आहे. लिहून झाल्यावर आईच्या नजरेने वाचलं, आणि मलाच वाटलं की या पोराचं काहीतरी बिनसलंय. ‘अजिबात’ कशाला लिहिलंय? काळजी करण्यासारखं काय झालंय? जेवण चांगलं आहे तर काय आहे ते का लिहिलं नाही? माझ्या मते ‘काळजी करू नका’ हे वाक्य पत्रात जितक्या वेळा येतं तितकी काळजी वाढते. ते खोटं असतं असं नाही. तपासता येत नाही, म्हणून. आईला तपासता येईल असं काहीतरी लागतं.

तिला काय तपासायचं असतं ते मला ठाऊक होतं: पोटात काय जातं, अंगावर काय असतं, आजारी पडला तर कोण बघतं. अण्णांचं वेगळं, पैसे पुरतात का आणि विजेच्या वस्तूंशी खेळत नाही ना. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला शॉकची भीती कायम असते.

दुसरी गोष्ट अशी की आमच्या घरी पत्र एकट्याने कुणी वाचत नाही. अण्णा चष्मा लावून मोठ्याने वाचतात, आजी ऐकते, आई हातातलं काम न थांबवता ऐकते, शेजारच्या काकू आल्या असतील तर त्याही ऐकतात. म्हणजे फक्त आईसाठी काही लिहायचं तर ते सगळ्यांदेखत आणि तरी तिलाच कळेल असं लिहायला हवं. त्यासाठी माझ्याकडे शेंगाची चटणी होती. निघताना आईने बरणी भरून दिली होती. पोरगं मेसचं जेवण टाकून चटणी-पोळीवर दिवस काढत असेल तर ती बरणी आठवड्यात संपते. आठवड्यानंतरही अर्धी शिल्लक असेल तर मेसमध्ये पोट भरतंय. हे गणित आईच्या डोक्यात सेकंदात होतं, काकूंना मात्र ते चटणीचं कौतुक वाटतं.

तिसरा पेच आजारपणाचा होता. आल्या आल्या मला सर्दी-खोकला झाला होता. लिहावं की न लिहावं? पत्राला आठवडा लागतो. आज लिहिलेला ताप घरी पोचतो तेव्हा इथे उतरलेला असतो, पण तिथे त्या दिवशी चढतो आणि उत्तर येईपर्यंत उतरत नाही. म्हणून चालू दुखणं पत्रात लिहू नये या मताला मी आलो. काहीच न लिहिणंही बरं नाही, कारण पंजाबच्या थंडीत साधी सर्दीही झाली नाही यावर कोणती आई विश्वास ठेवेल? संपलेलं दुखणं शेवटासकट लिहिलं तर पत्रातली बाकीची वाक्यंही खरी वाटायला लागतात. सुदैवाने माझा खोकला तोवर गेला होता.

आठवणीचं काय करायचं यावर मात्र बराच वेळ गेला. ‘आठवण येत नाही’ लिहिलं तर आईला लागणार. जे खरं होतं ते, म्हणजे संध्याकाळी धुक्यात दिवे लागले की मेसकडे जायलासुद्धा नको वाटतं, असं लिहिलं तर अण्णा झेलमचं तिकीट काढून दारात उभे राहणार. आमच्याकडे हे दिवस सिद्धेश्वराच्या यात्रेचे. ज्याने सोलापूरची संक्रांत पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही: बाराबंदी घातलेली माणसं, खांद्यावर तोलून नेलेले सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग तळ्याकाठी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लावणारा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, आणि होम मैदानावर भरणारी गड्ड्याची जत्रा. गड्ड्याशिवायचं ते माझं पहिलं वर्ष. शेवटी मी आठवण सांगण्याऐवजी घरच्यांना एक काम सांगितलं. काम दिलं की माणसं रडत बसत नाहीत, उठून कामाला लागतात, निदान आमच्या घरची तरी.

रविवारी दुपारी, ऊन पडेल या आशेवर गच्चीत बसून, शेवटचा कागद लिहिला. ऊन पडलं नाही. मूळ कागद आईने गव्हाच्या डब्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, त्यावरून उतरवतो:

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जालंधर, दि. ८ जानेवारी २०१२

ती. आजी, ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवत आहे. पुडी ताटात धरून उघडा. चुरा वाटेत झालेला नाही, मीच केला आहे, नाहीतर पाकीट फाटलं असतं. इथे याला रेवडी म्हणतात. आजीला दातांनी फोडावी लागणार नाही. आधी देवापुढे ठेवा, मग सगळ्यांनी घ्या. तिळगूळ घ्या, गोड बोला. छोटीनेही.

थंडी चांगलीच आहे. सकाळी समोरची इमारत दिसत नाही. बाजारातून रजई घेतली. आपली चादर गादीवर अंथरतो आणि वरून रजई घेतो, पायांत मोजे असतात. अंघोळीचं पाणी रॉडने तापवतो. आधी बटण बंद करतो, पिन काढतो आणि मगच बादलीला हात लावतो. अण्णांनी सांगितलं होतं तसंच.

मेसमध्ये सकाळी बटाट्याचा पराठा आणि दही असतं. काल रात्री मक्याची रोटी आणि सरसोंची भाजी होती. रोटी दिसायला भाकरीसारखी, पण उचलली की मोडते. मी तीन खाल्ल्या. शेंगाची चटणी अजून अर्धी बरणी आहे. माझा रूममेट ती दह्यात कालवून खातो आणि मग पाणी पीत बसतो.

आल्यावर सर्दी-खोकला झाला होता. इथल्या दवाखान्यातून औषध आणलं, रूममेटने मेसमधून गरम पाणी आणून दिलं. आता खोकला गेला आहे.

मेसचं बिल भरून खात्यात अकराशे रुपये आहेत. फेब्रुवारीपर्यंत पैसे पाठवू नका. पहिल्या सेमिस्टरचा निकाल अजून लागलेला नाही, लागला की फोन करीन.

एक काम आहे. अक्षता सोहळ्याला जाल तेव्हा माझ्या वाटच्या अक्षता छोटीच्या हातात द्या. ‘दिड्डम् दिड्डम्, सत्यम् सत्यम्’ झाल्यावरच टाकायच्या, ती दरवर्षी आधीच टाकते. गड्ड्यावर यंदा काय काय आलं आहे ते तिने मला लिहून पाठवावं, पाळण्यांचे दर धरून.

घरची आठवण येते. संध्याकाळी जास्त येते, जेवायला बसलो की कमी होते.

भोगीच्या दिवशी माझ्या नावाने एक भाकरी जास्त थापा. तीळ दोन्ही बाजूंनी लावा.

कळावे. छोटीस आशीर्वाद.

तुमचा
बाळू

सगळा मजकूर एका कागदाच्या दोन्ही बाजूंना बसला. ‘पाणी पीत बसतो’ हे वाक्य मुद्दाम घातलं होतं. कुणीतरी हसायला हवं, नाहीतर वाचता वाचता अण्णांचा आवाज खोकल्याच्या परिच्छेदावर अडकला असता. ‘संध्याकाळी जास्त येते’ हे लिहून दोनदा खोडणार होतो, पण ठेवलं. ते काढलं असतं तर बाकीचं सगळं वर्तमानपत्राला पाठवलेल्या बातमीसारखं झालं असतं.

सोमवारी पाकीट पुन्हा त्याच खिडकीत दिलं. बाबूंनी चाचपलं, ‘हां, अब जाएगा’ म्हणाले आणि पेटीत न टाकता आतल्या गठ्ठ्यावर ठेवलं. पिनकोड तेवढा ठळक करायला लावला. शुक्रवारी हॉस्टेलच्या पटांगणात लोहडी पेटली. लाकडांच्या ढिगाभोवती सगळे रेवड्या, शेंगा आणि लाह्या आगीत टाकत होते आणि मीही टाकल्या. होळी इतक्या लवकर आणि इतक्या थंडीत, याची सवय व्हायला मला आणखी एक वर्ष लागलं.

संक्रांतीला फोन केला तेव्हा पत्र पोचलेलं नव्हतं. मी पत्राबद्दल बोललोच नाही. मंगळवारी, किंक्रांतही होऊन गेल्यावर, छोटीचा फोन आला. पाकीट आलं, पुडी फुटलेली नाही, आजीने चुऱ्याचे चमच्याने मोजून भाग केले आणि देवाचा भाग नंतर स्वतःच खाल्ला. अक्षता तिने माझ्या नावाने टाकल्या होत्या, पण पत्र आधी आलं नसल्यामुळे आधीच टाकल्या होत्या. मग आईने फोन घेतला. ‘जेवलास का’ विचारलं नाही. म्हणाली, ‘चटणी अर्धी कशी उरली रे? तिखट झाली का?’

मी म्हटलं, ‘नाही, मेसचं जेवण बरं असतं.’

‘ते कळलं मला,’ ती म्हणाली. ‘त्या पोराला दह्यात साखर घालायला सांग.’

अण्णा फोनवर आले नाहीत. त्यांचं उत्तर रथसप्तमीच्या सुमारास आंतरदेशीय पत्रावर आलं. चार ओळी होत्या. अक्षता, गड्डा, तब्येत यांच्याबद्दल काही नाही. चादर गादीवर अंथरून फुकट घालवू नये, ती अंगाला लागून घ्यावी आणि रजई तिच्यावरून घ्यावी, म्हणजे ऊब आत राहते आणि रजईही मळत नाही. गादीवर टाकायला जुना टॉवेल चालेल. कारखान्यातून दोन पाठवत आहे. रॉडची पिन काढतोस हे चांगलं करतोस.